वहिनी भात वाढत येते: आठ पानांच्या पंगतीचा आराखडा

आमच्या लघुपटाच्या संहितेत पंगतीचा प्रसंग अडीच पानांचा होता. त्यातली एक ओळ होती, ‘वहिनी भात वाढत येते.’ चित्रीकरणाआधीचे आमचे तीन आठवडे बऱ्याच अंशी या चार शब्दांवर गेले. शेवटी प्रसंग जसा झाला, तो त्या कागदी कामामुळेच झाला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे.

लघुपट ग्वाल्हेरचाच. लष्कर भागातलं एक जुनं मराठी घर आम्हाला एका दिवसासाठी मिळालं होतं. मी सहायक दिग्दर्शक होतो. प्रसंग असा: वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर घरच्यांची पंगत बसली आहे. पुण्याहून उशिरा आलेला धाकटा भाऊ दाराजवळच्या रिकाम्या पानावर बसतो. जेवताजेवता तो घर विकायचा विषय काढतो. थोरला, ज्याला सगळे दादा म्हणतात, काही न बोलता भरल्या पानावरून उठून निघून जातो. दादाची बायको, म्हणजे वहिनी, तेव्हा भात वाढते आहे. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकीत चार माणसं, आणि मधून वाढपी फिरते आहे.

वाचायला सोपं वाटतं. पण जमिनीवर बसलेली आठ माणसं एकमेकांकडे बघत बोलतात तेव्हा कोण कुणाकडे बघतंय हे पडद्यावर अगदी सहज विस्कटतं. त्यात एक माणूस उभं आणि हलतं असेल तर कॅमेऱ्याची उंचीही प्रश्न होऊन बसते. आमच्याकडे एकच दिवस होता आणि घरातल्या काकूंचा स्वयंपाकही त्याच स्वयंपाकघरात व्हायचा होता.

सुरुवात फुटपट्टीने केली. माजघर उत्तर-दक्षिण २० फूट लांब आणि १२ फूट रुंद. उत्तरेच्या भिंतीत मधोमध स्वयंपाकघराचं दार. पूर्वेच्या भिंतीत, दक्षिण टोकाकडे, ओसरीवर उघडणारं तीन फुटांचं दार. छत दगडी पट्ट्यांचं, त्यात खिळा ठोकायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे वरून दिवे लटकवायचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. रांगांची तोंडं पूर्व-पश्चिम ठेवली. दक्षिणेकडे तोंड करून जेवायला काकूंनी खोटंखोटंही कुणाला बसू दिलं नसतं, आणि ते मला पटतं.

आलेख कागदावर १ फूट म्हणजे १ सेंटीमीटर हे माप धरलं. आपल्याकडचा आलेख कागद सेंटीमीटरचा असतो, म्हणून हे माप सोयीचं. २० बाय १२ सेंटीमीटरचं माजघर वहीच्या एका पानात मावतं आणि कुठलंही अंतर नुसतं मोजून फुटांत सांगता येतं. मग माणसं बसवली. मांडी घालून पाटावर बसलेला माणूस भिंतीपासून एक फूट पुढे बसतो, स्वतः सव्वादोन फूट जागा घेतो, आणि त्याच्यापुढे पानाला दीड फूट लागतो. एका बाजूला पावणेपाच फूट, दोन्ही बाजू मिळून साडेनऊ. बारातून साडेनऊ गेले की मधे वाढणारणीला अडीच फुटांची वाट उरते. लांबीच्या दिशेने प्रत्येकाला अडीच फूट, म्हणजे रांग दहा फुटांची. उत्तरेला स्वयंपाकघराच्या बाजूने चार फूट मोकळे सोडले, दक्षिणेला दारापाशी सहा फूट उरले.

एवढं झाल्यावर आमच्या दिग्दर्शिकेची पहिली इच्छा कागदावरच अडली. पश्चिमेची सगळी रांग समोरून, एका शॉटमध्ये, तिला हवी होती. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद. त्यामुळे एक सोपा हिशेब मिळतो: २४ मिलिमीटरच्या लेन्सला जितकं अंतर, तितकीच चौकटीची रुंदी. आठ फुटांवरून आठ फूट दिसतं. ३५ च्या लेन्सला त्याच्या दोन तृतीयांश, ५० ला जेमतेम निम्मं. फाइलच्या पारदर्शक कव्हरमधून मी या मापांच्या पाचरी कापल्या. २४ साठी दहा सेंटीमीटर उंच आणि दहा सेंटीमीटर पायाचा त्रिकोण. टोक कॅमेऱ्याच्या जागी ठेवायचं आणि पाचर फिरवायची, म्हणजे चौकटीत कोण येतं ते डोळ्यांना दिसतं.

समोरून चौघे दिसायला दहा फूट रुंदी हवी, म्हणजे दहा फूट अंतर हवं. कॅमेरा आणि तो चालवणारा पूर्वेच्या भिंतीला टेकून राहिले तरी लेन्स भिंतीपासून अडीच फूट पुढेच येते. तिथून समोरच्यांच्या चेहऱ्यापर्यंत पावणेआठ फूट. पाचरीत तिघेच बसले. शिवाय तिथे पूर्वेची रांग बसलेली आहे आणि तिच्या पाठीमागे फूटभरच जागा आहे. पूर्वेची माणसं उठवून तो शॉट घेता आला असता. पण मग चौघांना रिकाम्या भिंतीकडे बघत जेवायला लावायचं, आणि तेही चौथा बाहेर ठेवून. १८ ची लेन्स लावली तर चौघे येतात, पण कडेचे दोघे रुंद आणि ओढल्यासारखे दिसतात. दुःखाच्या प्रसंगात ते नको होतं. तो शॉट गेला. लांबीच्या दिशेने, दक्षिण टोकावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघणारी चौकट मुख्य ठरली.

आता माणसांच्या जागा. स्वयंपाकघराकडून मोजलं तर दादा पश्चिमेच्या रांगेत दुसरा. धाकटा पूर्वेच्या रांगेत शेवटचा, म्हणजे चौथा, दाराला सर्वांत जवळ, कारण उशिरा येणाऱ्यासाठी तेच पान रिकामं राहतं. दोघांमधलं तिरकं अंतर दहा फूट. त्या दोघांना जोडणारी रेघ मी लाल पेन्सिलीने ओढली. हीच त्या प्रसंगाची १८० अंशांची रेघ. कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला राहिला की दादा कायम डावीकडे बसून उजवीकडे बघतो आणि धाकटा उजवीकडे बसून डावीकडे. बघणाऱ्याला त्याचा विचार करावा लागत नाही. कॅमेरा अचानक पलीकडे गेला की दोघांच्या जागा बदलल्यासारख्या वाटतात, आणि तेवढा क्षण प्रेक्षक गोष्टीतून बाहेर येतो.

ब्लॉकिंगसाठी, म्हणजे कोण कुठे बसतं आणि कसं हलतं ते ठरवायला, आठ माणसांची आठ जुनी एक रुपयाची नाणी आणि वहिनीसाठी सोंगटी म्हणून पितळेची एक मुदी घेतली. मुदीचा फायदा असा की ती बाकीच्यांपेक्षा उंच असते, म्हणजे उभं कोण हे विसरायला होत नाही. एका रविवारी सकाळी दिग्दर्शिका, कॅमेरा करणारा मित्र आणि मी मुदी हलवत बसलो. वाढायला सुरुवात कुठून? घरात जशी असते तशी स्वयंपाकघराकडून. पूर्वेची रांग वाढत खाली यायचं, दक्षिण टोकाला वळायचं, मग पश्चिमेची रांग वाढत वर जायचं. म्हणजे ती धाकट्याला आधी वाढते आणि दादापर्यंत जवळजवळ शेवटी पोचते, दादाच्या आधीचं पान पश्चिमेच्या तिसऱ्याचं.

इथे मुदीने एक गोष्ट दाखवली जी संहिता वाचून आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आली नव्हती. धाकट्याच्या खांद्याजवळ, जमिनीलगत, दादाकडे बघणारी एक कॅमेऱ्याची जागा आम्ही ठेवली होती. वहिनी पश्चिमेच्या तिसऱ्या पानावर पोचली की ती बरोबर त्या दृष्टिरेषेत उभी राहते आणि दादा तिच्याआड जातो. पुढच्या पानावर, दादाच्या पानावर सरकली की रेषा मोकळी होते आणि दोघे एकाच चौकटीत येतात, दादा डावीकडे, वहिनी उजवीकडे. दिग्दर्शिका थोडा वेळ मुदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘विकण्याचं वाक्य तिसऱ्या पानावर येऊ दे. त्या वेळी आपल्याला दादाचं तोंड दिसायला नको.’ दादाचा धक्का लपवायचा ठरला तो तिथे.

या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. आराखडा काढताना आपण फक्त अडचणी शोधत नसतो. खऱ्या मापावर माणूस हलवला की त्या जागेतच दडलेले अर्थ वर येतात.

पण वरून बघितलेल्या आराखड्याला उंची नसते. आठ जण बसलेले आणि एक उभी असेल तिथे हा मोठा दोष आहे. म्हणून दुसऱ्या कागदावर त्याच मापाने छेद काढला, बाजूने कापल्यासारखं माजघर. पाटावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात. कॅमेरा त्याच उंचीवर ठेवला. चौकटीची उंची रुंदीच्या निम्म्याहून थोडी जास्त, सोळाला नऊ. धाकट्याच्या खांद्याजवळून ३५ ची लेन्स लावली तर आठ फुटांवर उभ्या वहिनीची जमिनीपासून एक ते चार फूट एवढी पट्टी दिसते. पदर, भाताचं पातेलं धरलेला हात, कंबर. चेहरा नाही. तो साडेचार फुटांच्या वर आहे.

कॅमेरामन मित्राचं पहिलं म्हणणं होतं की कॅमेरा वर उचलू. मग छेदात वहिनीला वाढताना वाकवून बघितलं. वाकल्यावर तिचा चेहरा तीन-साडेतीन फुटांवर येतो, चौकटीच्या आत. म्हणजे ती पानापानावर वाकते तेव्हाच तिचा चेहरा दिसतो आणि सरळ झाली की परत नाहीसा होतो. आम्ही कॅमेरा हलवला नाही. दादाच्या पानावर ती वाकेल, तेव्हा तिचा चेहरा आत येईल आणि दादा तिच्याकडे बघेल. घर विकण्याचं वाक्य ऐकल्यावरचं पहिलं तोंड आपल्याला तिचं दिसेल.

छेदाने शेवटचा शॉटही सुधारला. स्वयंपाकघराच्या दारातून दक्षिणेकडे बघताना दादा उठून जातो आणि त्याचं भरलेलं पान मागे राहतं, असा तो शॉट. २४ ची लेन्स, उंची तीच अडीच फूट. पानापासून नऊ फुटांवर कॅमेरा ठेवला तर चौकट उंचीने पाच फुटांना किंचित कमी भरते, आणि जमिनीवरचं पान खालच्या कडेला कापलं जातं. एक फूट मागे, स्वयंपाकघरात सरकलं, की पान आत येतं. प्रत्यक्ष सेटवर हे दिसलंच असतं. पण त्या फुटासाठी तेव्हा शेगडी आणि काकूंचे डबे हलवावे लागले असते. आदल्या दिवशीच ती जागा रिकामी करून ठेवली.

आता अ‍ॅनिमॅटिक. शब्द मोठा वाटतो, पण आमचं अ‍ॅनिमॅटिक म्हणजे सोळा-नऊच्या चौकोनांत काडीमाणसांची सव्वीस चित्रं. नाकाच्या जागी एक छोटी रेघ, म्हणजे कोण कुठे बघतंय ते कळतं. चित्रांचे फोनवर फोटो काढले, डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत टाइमलाइनवर ओळीने मांडले, आणि खाली आवाज लावला. संवाद आम्ही तिघांनी फोनवर वाचून घेतले. मी आग्रह धरला तो एकाच गोष्टीचा: वाढण्याचा आवाज खरा हवा. घरी आईला भाताचं पातेलं घेऊन जमिनीवर मांडलेल्या आठ ताटांत वाढायला सांगितलं आणि ते सगळं फोनवर ध्वनिमुद्रित केलं. एका पानाला वाढणं आणि पुढच्या पानापर्यंत सरकणं मिळून सात सेकंद लागत होते. टोकाला वळायला आणखी तीन.

आवाज टाइमलाइनवर ठेवला आणि संहितेची ती ओळ उघडी पडली. वहिनी स्वयंपाकघरातून निघून दादाच्या पानापर्यंत पोचते ती सातव्या पानावर. सहा पानं मागे टाकायची, मधे एक वळण, म्हणजे पंचेचाळीस सेकंद. तिच्या बरोबरीने लिहिलेले संवाद पंचवीस सेकंदांत संपत होते. उरलेले वीस सेकंद कुणीच काही बोलत नव्हतं, आणि ते अवघडलेपण कथेतून आलेलं नव्हतं. नुसताच प्रसंग ताणला गेला होता. संहितेत ‘वाढत येते’ ही एक ओळ असल्याने वाचताना ती ओळीच्या वेगाने जाते. घड्याळ तसं जात नाही.

उपाय सोपा निघाला, पण तो अ‍ॅनिमॅटिकशिवाय सुचला नसता. संवाद सुरू होताना वहिनी आधीच पूर्वेच्या तिसऱ्या पानावर आहे असं धरलं. सातव्या सेकंदाला ती धाकट्याला वाढते आणि तो ‘बस वहिनी’ म्हणतो, हे एक वाक्य नवीन घातलं. सतराव्याला वळून पश्चिमेच्या चौथ्या पानावर. चोविसाव्याला तिसऱ्या पानावर, म्हणजे दृष्टिरेषेत. एकतिसाव्याला दादापाशी. घर विकण्याचं वाक्य पंचविसाव्या सेकंदाच्या आसपास बसलं.

अ‍ॅनिमॅटिकने दाखवलेली दुसरी चूक माझी होती. कागदावर स्वयंपाकघराच्या दारातली कॅमेऱ्याची जागा मी चौथा क्रमांक देऊन ठेवली होती आणि यादीत तिचा शॉट दोघा भावांच्या बोलण्याच्या मधोमध घातला होता. ती जागा लाल रेघेच्या पलीकडे आहे. आराखड्यात रेघही होती, जागाही होती, तरी माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी शॉट एकेक करून बघत होतो. ओळीने चालवल्यावर, काडीमाणसांतसुद्धा, दादा झटकन उजवीकडे गेला आणि त्याच्या नाकाची रेघ धाकट्याच्या नाकाच्याच दिशेला वळली. दोघे भाऊ मिळून तिसऱ्याच कुणाकडे बघताहेत असं वाटत होतं. दोनदा बघितल्यावर कॅमेरामन मित्राने बोट ठेवलं.

तो शॉट टाकून द्यायचा नव्हता, शेवटासाठी तो हवाच होता. मग पलीकडे जायचं कसं? एक मार्ग म्हणजे मधे रेघेवरूनच घेतलेला शॉट ठेवायचा, म्हणजे दिशा पुसली जाते. दुसरा मार्ग आमच्या प्रसंगातच होता. वहिनी दादाच्या पानावर वाकते तेव्हा दादाची नजर धाकट्यावरून तिच्यावर जाते. तिथून दादा आणि वहिनी ही नवी रेघ तयार होते आणि जुनी सैल पडते. त्यात वाकलेल्या वहिनीची पाठ आणि पदर क्षणभर चौकट भरून टाकतात. त्या क्षणी कापलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून उघडलं तर प्रेक्षकाला दिशाबदल खुपत नाही. दुसऱ्या फेरीत आम्ही तसंच मांडलं. तोपर्यंत चौदा शॉटांचे नऊ झाले होते.

चित्रीकरणाचा क्रम आराखड्यावरून लावला. ओसरीच्या पूर्वेकडच्या दारातून सकाळी उन्हाचा एक पट्टा माजघरात पडतो. जागेच्या पाहणीच्या दिवशी दर अर्ध्या तासाने मी त्याची कड खडूने आखली होती. साडेनऊला तो पश्चिमेच्या चौथ्या पानापर्यंत येत होता, अकराला दाराच्या उंबऱ्यात गोळा होत होता. दार दिसणारे सगळे शॉट त्या दीड तासात घ्यायचे, म्हणजे प्रसंगाचा शेवट सकाळी पहिल्यांदा. त्याचा एक परिणाम असा की सकाळी साडेनऊला आठही पानांवर अर्धवट जेवण हवं होतं आणि अकरानंतर स्वच्छ पानं. हे यादीत आधीच लिहिलेलं होतं म्हणून काकूंनी पहाटेच भात लावला. प्रत्येक जागेवरचं पान अर्धवट कसं आहे याचे फोटो सकाळीच काढून ठेवले, दुपारी तिथपर्यंत यायचं होतं.

प्रत्यक्षात एक गोष्ट बिघडली. खडूने जमिनीवर पाटांच्या जागा आखल्या, आराखड्याप्रमाणे सगळे बसले, वाट अडीच फूट निघाली. पहिला टेक सुरू केला. धाकट्याने घर विकायचं वाक्य पंचविसाव्या सेकंदाला म्हटलं, जसं ठरलं होतं, आणि वहिनी तेव्हा अजून चौथ्या पानावर होती. दादा पूर्ण दिसत होता. आम्ही लपवायचं ठरवलेलं तोंड चौकटीच्या मधोमध होतं. दुसऱ्या टेकमध्येही तेच. तिसऱ्यानंतर घड्याळ लावलं तेव्हा कळलं की एका पानाला सातच्या ऐवजी नऊ सेकंद लागताहेत. घरी आईने अर्ध्या भरलेल्या पातेल्यातून वाढलं होतं. सेटवरचं पातेलं पितळेचं, पूर्ण भरलेलं आणि गरम, आणि वहिनी करणाऱ्या बाई पन्नाशीच्या. त्या प्रत्येक पानावर पातेलं गुडघ्यावर टेकवून मग वाकत होत्या. ते टेकवणं फार सुंदर दिसत होतं, घाई करायला सांगणं हा अपराध ठरला असता.

चूक वेळ सेकंदांत बांधण्याची होती. अ‍ॅनिमॅटिकमध्ये वेळ सेकंदांतच असते, त्याला इलाज नाही. पण नटांना ती कृतीत सांगायला हवी. आम्ही धाकट्याला सांगितलं, ‘आकडे विसर. वहिनींचा डाव तिसऱ्या पानाला टेकला की बोल.’ संवाद आपोआप थोडे पसरले, मधली गप्प जागा त्याने पाणी पिऊन भरली. चौथा टेक बरोबर आला. तेव्हापासून माझ्या ब्लॉकिंगच्या कागदावर वाक्याशेजारी सेकंद नसतात, कुणाचा पाय किंवा हात कुठे आहे ते लिहिलेलं असतं.

वाटेबद्दलही एक गोष्ट. अडीच फुटांच्या वाटेत कॅमेऱ्याची तिपाई आणि चालणारी वहिनी दोन्ही मावत नाहीत, हे कागदावरच दिसलं होतं. शिवाय साधी तिपाई अडीच फुटांखाली सहजी येत नाही, तिचे पाय पसरावे लागतात आणि मग ती आणखी जागा खाते. आम्ही एकावर एक पाट रचले, वर वाळूची पिशवी, तिच्यात कॅमेरा रुतवला. उंची कमी-जास्त करायला पाट काढायचा किंवा घालायचा. घरात पाट भरपूर होते.

संकलनात अ‍ॅनिमॅटिकशी ताडून बघितलं तेव्हा एक फरक ठळकपणे दिसला. अ‍ॅनिमॅटिक दोन मिनिटं पन्नास सेकंदांचं होतं, कापलेला प्रसंग तीन मिनिटं बाविसाचा झाला. नऊ सेकंदांच्या वाढण्याने त्यातले थोडे घेतले. त्यातले दहा एकाच ठिकाणी गेले. शेवटच्या शॉटला, दादा उठून गेल्यावर, चित्रात आम्ही चार सेकंद दिले होते. स्थिर चित्र डोळा एका झटक्यात वाचून टाकतो, त्यामुळे चार सेकंदसुद्धा तिथे लांब वाटत होते. खऱ्या शॉटमध्ये भातातून वाफ निघत होती. दादा उठताना त्याचं डोकं चौकटीच्या वर गेलं, आणि चारपाच पावलं दूर गेल्यावर तो पाठमोरा पूर्ण दिसायला लागला. ओसरीच्या दारात त्याच्या अंगावर तो उन्हाचा पट्टा पडला. मग वहिनीने पातेलं खाली ठेवलं. हे ना संहितेत होतं, ना आराखड्यात. बाईंनी ते स्वतःहून केलं, आणि मुदीची जागा नेमकी असल्यामुळे पातेलं दादाच्या पानाशेजारी, चौकटीच्या आत टेकलं. तो शॉट आम्ही चौदा सेकंद ठेवला.